नोकरीआधीची तपासणी : मालकाने किती विचारावे?

भोपाळच्या वायुकांडानंतर आपल्या कायद्यात काय बदलले, असे विचारले तर बहुतेकांना पर्यावरण संरक्षण कायदा आठवतो. पण आणखी एक बदल झाला, आणि तो कारखान्यात काम मागायला जाणाऱ्या प्रत्येकाच्या शरीराशी थेट संबंधित आहे. २ आणि ३ डिसेंबर १९८४ च्या रात्री युनियन कार्बाइडच्या टाकीतून मिथाइल आयसोसायनेट सुटले. पुढच्याच वर्षी दिल्लीत श्रीराम कारखान्यातून ओलियमची गळती झाली. त्यानंतर १९८७ मध्ये कारखाने अधिनियमात घातक प्रक्रियांबद्दलचे एक नवे प्रकरणच घातले गेले. त्यातल्या ४१-सी या कलमाने कारखानदारावर जबाबदारी टाकली की घातक पदार्थ हाताळण्याच्या कामावर कामगाराला लावण्याआधी त्याची वैद्यकीय तपासणी करायची, काम चालू असताना आणि ते सुटल्यावरही जास्तीत जास्त बारा महिन्यांच्या अंतराने ती करत राहायची, त्याच्या प्रकृतीच्या नोंदी नीट ठेवायच्या आणि त्या नोंदी कामगाराला पाहता आल्या पाहिजेत.

हा शेवटचा भाग फार महत्त्वाचा आहे. नोकरीपूर्व तपासणी ही कामगाराच्या संरक्षणासाठी आहे आणि तिच्या कागदावर त्याचा हक्क आहे, असे भोपाळमधून आलेला कायदा सांगतो. हा जुना अधिनियम नोव्हेंबर २०२५ पासून व्यावसायिक सुरक्षेच्या नव्या संहितेत सामावला गेला आहे. मूळ कल्पना मात्र तीच आहे.

ती कल्पना नेमकी कशी काम करते ते एका काल्पनिक कामगारावरून पाहू. मंडीदीपच्या एखाद्या कारखान्यात, जिथे रसायनांची वाफ किंवा बारीक धूळ असते, तिथे पंचविशीतला तरुण कामाला लागतो. कामाआधी त्याला एका नळीत जोरात फुंकायला लावतात. पहिल्या सेकंदात त्याच्या फुफ्फुसातून ३.६ लिटर हवा बाहेर पडते. हा आकडा वहीत लिहिला जातो. आठ वर्षांनी पुन्हा फुंकल्यावर तो २.९ लिटरवर आलेला असतो. त्याच्या वयाच्या आणि उंचीच्या माणसाला साधारण ३.३ लिटर अपेक्षित धरले, तर २.९ हे त्याच्या ८८ टक्के होतात आणि डॉक्टर सहसा ८० टक्क्यांच्या वर असेल तर ‘नॉर्मल’ म्हणतात. म्हणजे आजचा कागद एकटा पाहिला तर या माणसाला काहीच झालेले नाही. पण पहिला कागद शेजारी ठेवला की दिसते की आठ वर्षांत ७०० मिलिलिटर गेले. वयामुळे वर्षाला सुमारे ३० मिलिलिटर जाणे स्वाभाविक आहे, त्या हिशेबाने फार तर २४० जायला हवे होते. उरलेले कुठे गेले, हा प्रश्न आता मालकाला विचारता येतो. पहिला आकडा नसता, तर विचारताच आला नसता.

नोकरीपूर्व तपासणीचा खरा उपयोग हा आहे. अडचण अशी की हीच नळी, हेच रक्त, हाच एक्स-रे मालकाच्या हातात गेला की त्यातून दुसरेच काम करून घेता येते : ज्याचा आकडा आधीच कमी आहे त्याला घ्यायचे नाही, म्हणजे पुढे कोणी प्रश्न विचारायला नको. कामगाराला जपण्यासाठी आणलेली तपासणी कामगार गाळण्याची चाळणी होते. दम्याच्या रोग्याला वाफेत उभे करू नये हे खरेच आहे. पण कायद्याने तपासणी ‘त्या कामावर लावण्याआधी’ करायला सांगितली आहे, आणि त्याचा सरळ अर्थ असा की वाफेच्या खात्यात नाही, तर गोदामात किंवा कचेरीत त्याला काम देता येते का, हा विचार आधी व्हावा.

मग मालकाने काय विचारावे आणि काय विचारू नये? एक सोपी कसोटी भोपाळमध्येच रोज वापरात आहे, ती रेल्वेची. भोपाळला रेल्वे भरती मंडळ आहे, आणि तिथून निवडलेल्या मुलांना मेडिकलला पाठवतात तेव्हा सगळ्यांना एकच मापदंड लावला जात नाही. इंजिन चालवणाऱ्या लोको पायलटसाठी ए-वन हा वर्ग असतो : दोन्ही डोळ्यांनी चष्म्याशिवाय सहा-बाय-सहा दिसले पाहिजे, रंग ओळखता आले पाहिजेत, रात्रीची नजर चांगली हवी. लेसिक शस्त्रक्रिया करून चष्मा घालवलेला असेल तर तेही इथे चालत नाही. कचेरीत बसणाऱ्यांच्या सी-वन वर्गात मात्र चष्मा लावून एका डोळ्याने सहा-बाय-बारा आणि दुसऱ्याने सहा-बाय-अठरा दिसले तरी पुरते. रात्री पावसात लाल सिग्नल दुरून ओळखायचा आहे, म्हणून लोको पायलटला डोळ्याच्या शस्त्रक्रियेबद्दल विचारणे रास्त आहे. तोच प्रश्न कारकुनाला विचारला तर तो निरर्थक आहे. पुढची सगळी प्रकरणे या एका कसोटीवर तपासता येतात : हा प्रश्न ज्या कामासाठी माणूस घ्यायचा आहे त्याच्याशी जोडलेला आहे का?

१९८९ साली भारतीय आयुर्विमा महामंडळात सहायक पदासाठी दिल्लीतल्या एका विवाहित तरुणीची निवड झाली. लेखी परीक्षा झाली, मुलाखत झाली, मग तिच्यापुढे एक छापील घोषणापत्र आले. विवाहित महिलांसाठीच्या त्या रकान्यांत विचारले होते की मासिक पाळी नियमित येते का, त्रास होतो का, आतापर्यंत किती वेळा गर्भ राहिला, किती पूर्ण मुदतीचे झाले, गर्भपात झाला आहे का. तिने घोषणापत्र भरले. महामंडळाच्याच यादीतल्या डॉक्टर बाईंनी तिला तपासले आणि योग्य ठरवले. सप्टेंबरमध्ये नेमणूक झाली. जानेवारी १९९० मध्ये तिला बाळ झाले आणि फेब्रुवारीत तिला नोकरीवरून कमी करण्यात आले. कामात चूक काढलेली नव्हती. घोषणापत्रात पाळीची तारीख खोटी दिली, हे कारण होते.

दिल्ली उच्च न्यायालयाने तिची याचिका फेटाळली. सर्वोच्च न्यायालयाने १९९१ मध्ये उलट निर्णय दिला. दोष तिच्या उत्तरात नसून मुळात प्रश्नातच आहे, असे न्यायालयाचे म्हणणे होते. हे रकाने स्त्रीला अवघडून टाकणारे, किंबहुना अपमानास्पद आहेत. कोणाही स्वाभिमानी बाईला असे तपशील मालकाला सांगावेसे वाटणार नाहीत, आणि महामंडळाने ते काढून टाकावेत, असे न्यायालयाने बजावले. कारकुनी कामाचा आणि पाळी दुखते की नाही याचा काय संबंध, या प्रश्नाला महामंडळाकडे उत्तरच नव्हते.

पण या निकालात एक दार उघडे राहिले, आणि ते सांगितलेच पाहिजे. नोकरीत येतानाच गर्भवती असलेल्या महिलेला मातृत्व रजा नाकारायची असेल, तर तिची तपासणी करून घेता येईल, असे न्यायालय बोलून गेले. असे नाकारणे कायदेशीर आहे का, यावर मात्र त्याने मत दिले नाही, कारण तो मुद्दा समोर नव्हता. त्या उघड्या दारातून बँका तीस वर्षे ये-जा करत राहिल्या. ३१ डिसेंबर २०२१ च्या नव्या सूचनांत स्टेट बँकेने तीन महिन्यांहून अधिक गर्भवती उमेदवाराला ‘तात्पुरती अयोग्य’ ठरवले; त्याआधी ही मर्यादा सहा महिन्यांची होती. दिल्ली महिला आयोगाने नोटीस दिली, गदारोळ झाला आणि जानेवारी २०२२ संपायच्या आत बँकेने त्या सूचना मागे घेतल्या. गर्भारपण आजार नाही आणि काउंटरवर बसायला तो अडथळा नाही, हे एका बँकेला २०२२ मध्ये समजावून सांगावे लागले, याचा मला आजही राग येतो.

आता मुंबईकडे येऊ. या विषयातला भारतातला सर्वांत महत्त्वाचा निकाल मुंबई उच्च न्यायालयाचा आहे, आणि त्यातल्या माणसाचे नाव कोणालाच माहीत नाही. न्यायालयाच्या कागदपत्रांत तो ‘एमएक्स’ आहे आणि त्याचा मालक, एक सार्वजनिक क्षेत्रातले महामंडळ, ‘झेडवाय’ आहे. नावे झाकून खटला चालवण्याची परवानगी न्यायालयानेच दिली. हक्क मागायला आलेल्या माणसाला हक्क मागितल्यामुळेच गल्लीत आणि चाळीत उघडे पडावे लागू नये, हा त्यामागचा विचार होता. पुढे अशा प्रकरणांत हीच पद्धत पडली.

एमएक्स हा त्या महामंडळात रोजंदारीवर काम करणारा मजूर. काम नियमित होण्याची वेळ आली तेव्हा त्याला मेडिकलला पाठवले. शरीराने तो तंदुरुस्त निघाला. पण रक्ताच्या तपासणीत एचआयव्ही आढळला आणि महामंडळाच्या धोरणानुसार एवढ्यावरच तो बाद ठरला. काम नियमित होणे तर दूरच, १९९४ मध्ये रोजंदारीच्या यादीतूनही त्याचे नाव काढले. म्हणजे कालपर्यंत जे काम तो करत होता तेही गेले. त्याच्या बायको-मुलांचे पोट त्याच मजुरीवर होते.

महामंडळाचा युक्तिवाद नीट ऐकायला हवा, कारण आजही तोच दबक्या आवाजात केला जातो. माणूस आज काम करू शकतो हे त्यांनी फारसे नाकारले नाही. त्यांचे म्हणणे असे की उद्या तो आजारी पडेल, रजा घेईल, औषधोपचाराचा खर्च महामंडळावर येईल, आणि एवढे सगळे करून तो निवृत्तीपर्यंत टिकेल याची खात्री नाही. न्या. टिपणीस यांच्या खंडपीठाने ३ एप्रिल १९९७ रोजी दिलेल्या निकालात हा युक्तिवाद मुळापासून उखडला. माणूस नेमणुकीपासून निवृत्तीपर्यंत पूर्ण काळ सेवा देईल अशी खात्री असल्याशिवाय त्याला घेणारच नाही, ही भूमिका सरकारी महामंडळाने घेणे निर्दय आणि अमानुष आहे, असे न्यायालयाने म्हटले. तशी खात्री जगात कोणाबद्दल देता येते? धूम्रपान करणाऱ्याची, मधुमेह्याची, रोज लोकलच्या दारात लटकून येणाऱ्याची?

न्यायालयाने त्याऐवजी दोन प्रश्न विचारायला सांगितले. हा माणूस आज हे काम करू शकतो का? आणि तो कामाच्या ठिकाणी इतरांना खरोखर धोका आहे का? पहिल्याचे उत्तर ‘हो’ आणि दुसऱ्याचे ‘नाही’ असेल, तर केवळ एचआयव्ही आहे म्हणून नकार देणे राज्यघटनेच्या १४ आणि २१ या कलमांविरुद्ध आहे. ओझी उचलताना किंवा झाडू मारताना एचआयव्ही पसरत नाही. एमएक्सचे नाव यादीत परत घालावे, त्याची प्रकृती पुन्हा तपासून कामाचा विचार करावा, आणि मधल्या काळात बुडालेल्या मजुरीपोटी ४० हजार रुपये द्यावेत, असा आदेश झाला. त्या वेळी प्रभावी औषधे सामान्य माणसाच्या आवाक्यात नव्हती, आणि तरीही न्यायालय हे म्हणाले. आज योग्य औषधे घेणारा एचआयव्हीबाधित माणूस दीर्घकाळ निरोगी जगतो. तेव्हा युक्तिवादातला तो ‘टिकणार नाही’ हा धागाही उरलेला नाही.

हा निकाल मात्र सरकारी आस्थापनांनाच बंधनकारक होता, कारण राज्यघटनेतले समानतेचे कलम मुख्यतः शासनाविरुद्ध चालते. खासगी कारखाना, कॉल सेंटर, हॉटेल यांना ते थेट लागू होत नव्हते. ही फट वीस वर्षांनी भरली. एचआयव्ही आणि एड्स प्रतिबंध व नियंत्रण अधिनियम २०१७ मध्ये झाला आणि १० सप्टेंबर २०१८ पासून लागू झाला. नोकरीसाठी एचआयव्ही तपासणीची अट घालणे हाच भेदभाव आहे, असे त्यात स्पष्ट लिहिले आहे, आणि हे खासगी मालकालाही लागू आहे. आधीपासून कामावर असलेल्याला काढायचे असेल, तर स्वतंत्र आणि पात्र आरोग्यसेवकाचे लेखी मत लागते की या माणसामुळे इतरांना संसर्गाचा लक्षणीय धोका आहे किंवा तो काम करण्यास असमर्थ आहे. शिवाय त्याला सोयीचे काम देण्यात कोणती आर्थिक वा प्रशासकीय अडचण आहे, हे मालकाने लेखी सांगावे लागते. हे दोन्ही कागद त्या माणसाच्या हातात द्यावे लागतात.

प्रत्यक्षात हा कायदा मोडतो कसा? क्वचितच कोणी मालक उघडपणे ‘एचआयव्हीची तपासणी करून आण’ म्हणतो. तपासणी पॅकेजमध्ये शिरते. कंपनी एखाद्या पॅथॉलॉजी लॅबशी करार करते; हिमोग्लोबिन, साखर, क्रिएटिनीन, छातीचा एक्स-रे यांच्या यादीत तळाशी ‘एचआयव्ही एक व दोन’ असे असते. उमेदवार शेवटच्या पानावर सही करतो, रक्त देतो, आणि अहवाल त्याच्याकडे न येता थेट कंपनीच्या मनुष्यबळ विभागाकडे जातो. आठवडाभराने ‘पद तूर्त भरले जाणार नाही’ असा निरोप येतो. आपले काय तपासले आणि काय सापडले, हेही त्याला कळत नाही. यातली प्रत्येक पायरी चुकीची आहे. कायद्यानुसार तपासणीपूर्वी समुपदेशन हवे, माहिती देऊन घेतलेली संमती हवी आणि तपासणीनंतरही समुपदेशन हवे. जाड फॉर्मच्या शेवटी केलेली सही म्हणजे माहिती देऊन घेतलेली संमती नव्हे. आणि एचआयव्हीची स्थिती संमतीशिवाय ज्यांना सांगता येते त्या मोजक्या अपवादांत, म्हणजे उपचार करणारा दुसरा आरोग्यसेवक किंवा न्यायालयाचा आदेश अशांत, भावी मालक बसत नाही.

इथे लॅबच्या आणि यादीवरच्या डॉक्टरांचे कर्तव्य सुरू होते. पैसे कंपनी देते म्हणून कंपनीला सगळे सांगायचे, अशी एक सवय पडून गेली आहे. पण २००२ च्या वैद्यकीय नीतिनियमांनुसार व्यवसाय करताना कळलेले गुपित डॉक्टरने उघड करायचे नसते. अपवाद आहेत ते न्यायालयाचा आदेश, एखाद्या ठरावीक व्यक्तीला किंवा समाजाला असलेला गंभीर धोका, आणि शासनाला कळवावे लागणारे रोग. मनुष्यबळ विभागाची उत्सुकता त्यात नाही. डॉक्टरने मालकाकडे पाठवायच्या कागदावर एवढेच लिहावे : अमुक पदासाठी योग्य, तात्पुरता अयोग्य किंवा अयोग्य, आणि लागल्यास कोणत्या कामापासून दूर ठेवावे, म्हणजे उंचीवरचे काम नको किंवा मोठ्या आवाजाच्या खात्यात नको. आजाराचे नाव, औषधांची यादी आणि रक्ताचे आकडे उमेदवाराला द्यावेत. मिरगीच्या रोग्याला शिडीवर चढवू नये हे मालकाला कळले पाहिजे, पण त्यासाठी त्याला मिरगी आहे हे पर्यवेक्षकापासून चहावाल्यापर्यंत सर्वांना कळण्याची काही गरज नाही.

उघड करणे केवळ कागदावर होते असे नाही. एप्रिल २०१८ मध्ये मध्य प्रदेश पोलीस भरतीची वैद्यकीय तपासणी धारच्या जिल्हा रुग्णालयात चालू होती. उघड्या अंगाने रांगेत उभ्या असलेल्या तरुणांच्या छातीवर पेनाने ‘एससी’, ‘एसटी’ अशी अक्षरे लिहिलेली छायाचित्रे बाहेर आली. शारीरिक मापात राखीव प्रवर्गाला सवलत असते, मोजताना गोंधळ होऊ नये म्हणून असे केले, असा खुलासा आला. गोंधळ टाळायला क्रमांकाचा बिल्ला पुरला असता, किंवा मोजणाऱ्याच्या हातातली यादी. उमेदवाराची जात भरती मंडळाला माहीत असणे सवलतीसाठी आवश्यक आहे; ती शेजारी उभ्या असलेल्या पन्नास मुलांना दिसणे कशासाठीच आवश्यक नाही. राष्ट्रीय मानवी हक्क आयोगाने राज्य शासनाला नोटीस काढली. थोड्याच दिवसांत भिंडमधून बातमी आली की तिथे मुले आणि मुली यांची तपासणी एकाच खोलीत झाली. ज्या पोलीस दलाचे मुख्यालय भोपाळला आहे त्याच दलाच्या भरतीत हे घडले. माहिती कोणाला हवी, कोणत्या क्षणी हवी आणि ती कोणाच्या डोळ्यांपुढे जाते, याचा विचार न करता केलेली तपासणी कायदेशीर माहितीलाही अपमान बनवते.

पूर्ववृत्ताच्या पडताळणीचा भाग वेगळा आहे, आणि इथे उमेदवाराने अधिक सावध राहिले पाहिजे, कारण इथे मालकाचा हात बराच मोठा आहे. पोलीस, सैन्य, बँक अशा नोकऱ्यांत गुन्ह्यांबद्दल विचारले जातेच, आणि विचारल्यावर खोटे बोलणे महागात पडते. सर्वोच्च न्यायालयाने २०१६ मध्ये अवतार सिंग प्रकरणात सगळे जुने, परस्परविरोधी निकाल एकत्र करून नियम घालून दिले. त्यातले उमेदवाराच्या बाजूचे दोन नियम कमी लोकांना माहीत असतात. एक, फॉर्ममधला प्रश्न नेमका असला पाहिजे. जे स्पष्टपणे विचारलेच नाही ते लपवले असा ठपका ठेवता येत नाही. दोन, तरुणपणी दिलेल्या घोषणा किंवा एखादा किरकोळ गुन्हा लपवला गेला असला, तरी मालकाने तो क्षुल्लक मानून सोडून द्यावा अशी मोकळीक आहे. उलट बाजूही तितकीच खरी आहे : सर्व खरे सांगितले तरी नोकरी मिळेलच असे नाही. मध्य प्रदेशच्याच एका प्रकरणात पोलीस पदाच्या उमेदवाराने शपथपत्रात आपल्यावरचा खटला प्रामाणिकपणे सांगितला, मग लगेच तडजोड होऊन तो सुटला. तरीही २०१८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्याला नाकारण्याचा शासनाचा अधिकार मान्य केला. पोलीस दलाच्या बाबतीत मला हा निकाल समजतो; एखाद्या मॉलमधल्या विक्रेत्याला हाच निकष लावणे मला पटत नाही.

एक भिंत मात्र पक्की आहे आणि ती फार थोड्या घरांत माहीत असते. अठरा वर्षांच्या आत घडलेल्या गुन्ह्यासाठी बालन्याय मंडळापुढे गेलेल्या मुलावर त्या निकालाची अपात्रता पुढे लागत नाही, असे २०१५ चा बालन्याय कायदा सांगतो. सोळा वर्षांवरच्या मुलावर प्रौढ म्हणून खटला चालला असेल तेवढा अपवाद. प्रकरण निकाली निघाले असेल तर चारित्र्य प्रमाणपत्रासाठीसुद्धा पोलिसांनी त्याची नोंद उघड करायची नाही. सोळाव्या वर्षी मारामारीत सापडलेला मुलगा पंचविशीत चौकीदाराच्या नोकरीसाठी चारित्र्य पडताळणीला गेला आणि ठाण्यातल्या कोणी जुनी वही उघडली, तर वही उघडणाराच कायदा मोडत असतो.

खासगी कंपन्यांच्या वतीने पडताळणी करणाऱ्या एजन्सी आता जुन्या मालकाला फोन करतात, भविष्य निर्वाह निधीच्या नोंदी पाहतात, पदवीची खातरजमा करतात. हे योग्यच आहे, जोवर विचारणा नोकरीच्या काळापुरती, पदापुरती आणि पगारापुरती आहे. जुना मालक ‘त्याला मधे डिप्रेशन आले होते, दोन महिने रजेवर होता’ असे सांगू लागला की सीमा ओलांडली. माहिती तंत्रज्ञान कायद्याखालच्या २०११ च्या नियमांत शारीरिक व मानसिक आरोग्याची माहिती संवेदनशील मानली आहे. कंपनीने ती लेखी संमतीने आणि गरजेपुरतीच घ्यायची असते, आणि सहसा आधी परवानगी घेतल्याशिवाय दुसऱ्या कोणाला द्यायची नसते. २०२३ चा डिजिटल माहिती संरक्षणाचा नवा कायदा टप्प्याटप्प्याने लागू होत आहे, आणि त्यात एक गोष्ट मला काळजीत टाकते : ‘नोकरीच्या हेतूंसाठी’ आणि मालकाचे नुकसान टाळण्यासाठी संमतीशिवाय माहिती वापरण्याची मुभा त्यात आहे. हे शब्द किती पसरट वाचले जातील यावर बरेच अवलंबून राहील. महामंडळाने एमएक्सविरुद्ध नेमका ‘आमचे नुकसान’ हाच शब्द वापरला असता.

म्हणून मेडिकलला निघण्याआधी चार गोष्टी करा. कोणकोणत्या तपासण्या होणार आहेत त्याची यादी लेखी मागा, आणि त्यात एचआयव्ही असेल तर ती काढायला सांगा. फॉर्ममधला जो प्रश्न कामाशी जुळत नाही, तिथे खोटे लिहू नका. ‘या पदाशी संबंध नाही’ असे लिहून मोकळे व्हा. अहवालाची प्रत स्वतःसाठी मागा. रुग्णाने मागितलेल्या नोंदी ७२ तासांत द्याव्यात असा डॉक्टरांसाठीचा नियम आहे. आणि नकार आला तर त्याचे कारण लेखी मागा, एका ओळीचे असले तरी. एचआयव्हीच्या कारणाने नाकारले असे वाटले, तर तक्रार अधिकाऱ्याकडे जा; शंभर किंवा अधिक माणसे असलेल्या आस्थापनेत तो नेमणे कायद्याने बंधनकारक आहे. कायद्याचा भंग झाला असेल, तर राज्य शासनाने नेमायच्या लोकपालाकडे तक्रार करता येते, आणि त्याने ती तीस दिवसांत निकाली काढायची असते. तक्रार करताना आपले नाव गुप्त ठेवण्याची विनंती पहिल्याच अर्जात करा. मुंबईतल्या एका मजुराने ती केली होती आणि न्यायालयाने ती मान्य केली होती.